थांबल्यानंतरचे तीन आठवडे

रिफाम्पिसिन सुरू झालं की लघवी नारिंगी होते. पेशंट घाबरतो, आपण समजावतो. यकृतात जे चालू होतं त्याला रंग नसतो, म्हणून त्याबद्दल कोणी विचारत नाही.

•

चाळिशीतल्या बाई. संधिवाती तापाने हृदयाची मायट्रल झडप गेली, धातूची बसवलेली. रोज ५ मिलिग्रॅम वॉरफरिन, आयएनआर २.९. तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. मानेतल्या गाठी टीबीच्या निघाल्या, सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात आयएनआर १.६. मुलगा जरा दुखावूनच म्हणाला, "गोळी चुकत नाही डॉक्टर, मी स्वतः देतो." खरंच चुकत नव्हती.

•

रिफाम्पिसिनमुळे यकृताच्या पेशी काही एन्झाइम जास्त बनवू लागतात. त्यातलं २सी९ वॉरफरिनचा जास्त प्रभावी भाग मोडतं. हा नवा साठा तयार व्हायला दिवस लागतात, त्यामुळे आयएनआर एकदम कोसळत नाही, आठवडा-दोन आठवडे घसरत राहतो. फ्लुकोनॅझोलचं उलटं. ते तयार एन्झाइमच अडवून बसतं, वॉरफरिन साचतं आणि थोड्याच दिवसांत आयएनआर चढतो.

•

बाईंचा डोस पायरीपायरीने १३ मिलिग्रॅमवर नेला, तेव्हा कुठे आयएनआर २.६ झाला. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम.

कोर्स संपला. घरी पेढे वाटले. १३ मिलिग्रॅम मात्र चालूच राहिले. टीबीची फाइल एकीकडे, झडपेची दुसरीकडे. जादा एन्झाइम हळूहळू ओसरत गेलं. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना रक्त थांबेना, मांडीवर काळेनिळे डाग. आयएनआर ७.८. वॉरफरिन थांबवलं, व्हिटॅमिन के अगदी थोडं दिलं, कारण जास्त दिलं तर झडपेवर गुठळी व्हायची भीती. बाई वाचल्या, महिन्याभराने पुन्हा ५ वर आल्या.

तेव्हापासून रिफाम्पिसिन बंद होण्याची तारीख मी वॉरफरिनच्या कागदावर लाल शाईने लिहितो. पुढचा महिनाभर दर आठवड्याला आयएनआर.

•

वॉरफरिनला निदान आयएनआर तरी आहे. गर्भनिरोधक गोळीला तसलं काही मोजमाप नाही. तिच्यातले हार्मोन्स मुख्यतः ३ए४ हे एन्झाइम मोडतं, आणि रिफाम्पिसिन तेही वाढवतं. पाळी नसताना डाग दिसले तर ती सूचना समजायची, पण डाग दिसतीलच असं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या डॉक्टरांना हे टीबीच्या रुग्ण बायकांतच प्रथम दिसलं: आधी अवेळी रक्तस्राव, मग गोळी नियमित घेऊनही दिवस गेलेले.

ॲमॉक्सिसिलिन असं करत नाही. सगळ्याच अँटिबायोटिकांवर हा आळ उगाच येतो.

•

परवा टीबीची एक नवी पेशंट. "आणखी काही औषधं?" "नाही." उठता उठता म्हणाली, "माला-डी तेवढी चालू आहे. ती औषधात धरायची का?"

तांबी बसवायला पाठवलं. गोळीच हवी असेल तर कोर्स संपल्यावर आणखी चार आठवडे थांबायला सांगितलं.