नववा बिट

सोमवार, ९ जून

शीतगृहातलं तापमान नोंदवणारे बोर्ड आज दुरुस्तीला आले. सोबतच्या चिठ्ठीत निदानही लिहून पाठवलंय: मेमरी चिप बोगस निघाल्या, सगळ्या बदलून द्या. चिप २४एलसी२५६ आहे, दोन तारांवर बोलणारी ईईप्रॉम. जुन्या बोर्डावर ती नीट चालत होती. कंपनीनं आता एसटीएम३२ कंट्रोलर घेतला आणि तेव्हापासून चिप दादच देत नाही. पुरावा म्हणून प्रोग्राममधून परत येणारा `HAL_ERROR` दाखवतात. तार तुटली, पत्ता चुकला, चिप मेली किंवा चिप कामात आहे, यातलं काहीही झालं तरी हाच शब्द येतो. त्यामुळे सोल्डरिंग गनला हात न लावता आधी लॉजिक ॲनालायझर काढला.

एक क्लिप क्लॉकच्या तारेला म्हणजे एससीएलला, दुसरी डेटाच्या तारेला म्हणजे एसडीएला, आणि तिसरी ग्राउंडला. ही तिसरी राहिली तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. बस १०० किलोहर्ट्झची, मी सेकंदाला ४० लाख नमुने घेतले, म्हणजे एका क्लॉकला ४० नमुने. एवढे पुरे होतात. एसडीए खाली येताच टिपायला सुरुवात कर, असा ट्रिगर लावला.

काहीही चाललेलं नसताना दोन्ही तारा वर होत्या, हे आधी पाहून घेतलं. या बसवर कोणीच तार वर ढकलत नाही. ज्याला बोलायचं तो ती खाली ओढतो, आणि सगळ्यांनी सोडली की पुल-अप रेझिस्टर तिला वर नेतो. तारा वर आहेत म्हणजे पुल-अप जागेवर आहेत आणि कोणी तार धरून बसलेलं नाही.

मग बोर्ड रीसेट केला. एससीएल वर असताना एसडीए खाली आली. हा स्टार्ट. एरवी डेटा बदलायचा तो क्लॉक खाली असतानाच, असा नियम आहे आणि तो फक्त स्टार्ट आणि स्टॉप मोडतात, म्हणून ते दोन्ही चटकन ओळखू येतात. त्यानंतर क्लॉक वर जाईल तेव्हा एसडीए कुठे आहे एवढंच पाहत जायचं. कागदावर उतरवलं: ० १ ० १ ० ० ० ०. नवव्या क्लॉकला एसडीए वरच. लगेच स्टॉप.

आठ बिटांतले पहिले सात म्हणजे पत्ता. आठवा ० असेल तर लिहायचंय, १ असेल तर वाचायचंय. नवव्या बिटाला कंट्रोलर तार सोडून देतो आणि त्या पत्त्याच्या चिपनं ती खाली ओढायची असते. ओढली तर ॲक, वर राहिली तर नॅक. या चिपच्या पत्त्याची सुरुवात नेहमी १०१० अशी होते, पुढचे तीन बिट तिच्या तीन पायांवरून ठरतात, आणि इथे तिन्ही पाय ग्राउंडला आहेत. म्हणजे यायला हवं होतं १०१००००, आणि तारेवर गेलं ०१०१०००. सगळं एक घर उजवीकडे सरकलेलं. चिपला कोणी हाकच मारली नव्हती, तर ती ओ कशी देणार?

पल्सव्ह्यूनं याच आकृतीवर `Address write: 28` आणि `NACK` असं लिहिलं. 28 नुसता वाचला असता तर कदाचित लक्षात आलं नसतं. बिट मांडल्यावर सरकलेलं घर लपत नाही.

मंगळवार, १० जून

कारण सापडलं. जुन्या बोर्डाच्या लायब्ररीला सात बिटांचा पत्ता, 0x50, द्यायचा असे आणि ती तो स्वतः एक घर डावीकडे सरकवत असे. एसटीएमच्या लायब्ररीला तो सरकवूनच द्यावा लागतो. प्रोग्राम उचलताना आकडा तसाच आला. दुरुस्ती एका ओळीची:

```
HAL_I2C_Mem_Write(&hi2c1, 0x50 << 1, pos,
    I2C_MEMADD_SIZE_16BIT, buf, 16, 100);
```

आता तारेवर १०१००००, मग ०, आणि नवव्या क्लॉकला एसडीए खाली. ॲक. त्यामागून मेमरीतल्या जागेचे दोन बाइट, मग डेटाचे सोळा, प्रत्येकाच्या शेपटाला ॲक, शेवटी स्टॉप. चिप शाबूत आहे.

पण काम संपलं नाही. प्रोग्राम लागोपाठ दोन नोंदी लिहितो. पहिली गेली, दुसरीला पुन्हा `HAL_ERROR`. नेमक्या या ठिकाणी लोक चिप बदलायला घेतात, कारण आता दोष कधी दिसतो, कधी नाही.

दोन्ही व्यवहार पडद्यावर एकाखाली एक ठेवले. आठही बिट तेच, फरक फक्त नवव्यात. पत्ता बरोबर असूनही उत्तर नाही, म्हणजे चिप ऐकत नाहीये. दोन व्यवहारांमधलं अंतर मोजलं तर एका मिलिसेकंदाहून कमी. स्टॉप मिळाल्यावर ही चिप हातातले बाइट आत कोरायला घेते. त्याला ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि तोवर ती बसकडे लक्ष देत नाही. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट दिलेलं आहे. जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक लेखनानंतर थांबा घातलेला होता, तो नव्यात गळला.

बुधवार, ११ जून

थांबा परत घालता आला असता. त्यापेक्षा चिपलाच विचारत राहणं बरं: स्टार्ट, पत्ता, नवव्या बिटाला नॅक आला तर स्टॉप, आणि पुन्हा तेच. `HAL_I2C_IsDeviceReady` हेच करतं. पडद्यावर नॅकची रांग दिसली आणि मग एक ॲक. पहिल्या स्टॉपपासून त्या ॲकपर्यंत साधारण साडेतीन मिलिसेकंद. चिप आपलं काम आटोपून परत आली ती इथे.

दुपारी वर्कशॉपमधली शिकाऊ मुलगी वाचनाचा व्यवहार बघत होती. "सर, शेवटच्या बाइटला नॅक आलाय. अजून बिघाड आहे का?" नाही. लिहिताना नववा बिट चिपचा असतो, वाचताना डेटाच्या बाइटांनंतर तो कंट्रोलरचा. "पुरे, आता पाठवू नकोस" हे सांगायला कंट्रोलर शेवटच्या बाइटला मुद्दाम नॅक देतो आणि मग स्टॉप करतो. वाचनात आधी जागा लिहायची असते, आणि मग मध्ये स्टॉप न करताच दुसरा स्टार्ट होऊन पत्ता आठव्या बिटात १ घेऊन येतो. तिला सांगितलं, प्रत्येक नवव्या बिटापाशी थांबून विचार: ही तार आत्ता कोणी सोडायची आहे आणि कोणी ओढायची? तिनं पूर्ण व्यवहार तसा कागदावर काढला. बरोबर काढला.

शुक्रवार, १३ जून

बोर्ड पेटीत घालून, तापमानाच्या सेन्सरची लांब केबल जोडून पुन्हा तपासले. एका बोर्डावर क्वचित नॅक येतो, पत्त्याचे बिट मात्र निर्दोष दिसतात. इथे ॲनालायझरची हद्द संपते. त्याला फक्त वर की खाली एवढंच कळतं. लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे तार पुल-अपच्या जोरावर हळू चढत असेल, तर ॲनालायझरला सरळ भिंत दिसते आणि चिपला तो चढ वेगळा दिसू शकतो. ऑसिलोस्कोप लावला तर चढ ठळक गोलाकार दिसला. या वेगाला तार एका मायक्रोसेकंदात चढायला हवी, ती त्याहून जास्त वेळ घेत होती. त्या बोर्डावर ४.७ किलोओहमऐवजी २.२ किलोओहमचे पुल-अप लावले. कडा उभ्या झाल्या, नॅक थांबले.

कंपनीला अहवाल पाठवला. पत्त्याची ओळ बदला, लेखनानंतर ॲकची वाट पाहा, लांब केबलच्या बोर्डांना २.२ किलोओहम लावा. तिन्ही ठिकाणच्या आकृत्या सोबत जोडल्यात. चिप अस्सल आहेत, एकही बदलायची नाही.