दोन ठिपक्यांच्या मधलं शिखर

गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत पुण्यातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये एक तक्रार ठरल्यासारखी येते. ढोल-ताशाचा ट्रॅक स्टुडिओत स्वच्छ वाजलेला असतो, मीटरवरचा लाल दिवा एकदाही लागलेला नसतो. मग त्याची एमपी३ फाइल होते, ती पथकाच्या प्रमुखाकडे जाते आणि संध्याकाळी फोन येतो: ‘ताशा फाटतोय.’ फोन करणाऱ्याचा स्पीकर हलका असेल, असं समजून विषय मिटवता येतो. पण मास्टरिंग करणाऱ्या माणसानं तीच एमपी३ आपल्या चांगल्या स्पीकरवर लावून पाहिली, तर बहुधा त्यालाही ते ऐकू येतं. ताशाच्या प्रत्येक जोरकस काडीवर एक कोरडी, चरचरीत कड आलेली असते. मूळ वेव्ह फाइलमध्ये ती नसते.

ती येते कुठून, हे कळण्यासाठी आधी मीटर काय मोजतो ते पाहायला हवं.

डिजिटल फाइलमध्ये आवाजाची सलग रेषा साठवलेली नसते. ४८ हजार सॅम्पलच्या फाइलमध्ये दर सेकंदाला तितक्या वेळा घेतलेली मापं असतात, बस. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके पडतात आणि वळणदार रेघ नंतर त्यांच्यामधून जाते, तसं हे आहे. रेघ ओढायचं काम आवाज ऐकवणाऱ्या उपकरणातला कन्व्हर्टर करतो, आणि सर्वांत वरच्या ठिपक्याहूनही ती रेघ उंच जाऊ शकते. साधा पीक मीटर फक्त ठिपके पाहतो. सगळ्यांत उंच ठिपका डिजिटल शून्याच्या खाली असला, की त्याच्या लेखी सारं ठीक. दोन सॅम्पलच्या मधल्या या उंचवट्याला ‘इंटर-सॅम्पल पीक’ म्हणतात.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते कागदावर काढून पाहता येतं. ४८ हजार सॅम्पलच्या फाइलमध्ये १२ हजार हर्ट्झचा शुद्ध सूर घेतला, तर त्याच्या एका आवर्तनाच्या वाट्याला बरोबर ४ ठिपके येतात. ते ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर पडले, तर सूर जिथे सर्वांत उंच असतो तिथे एकही ठिपका नसतो. चारही ठिपके खऱ्या उंचीच्या ०.७०७ पटीवर असतात. आता कुणी ही फाइल ‘नॉर्मलाइझ’ केली, म्हणजे सर्वांत उंच ठिपका शून्यावर आणून ठेवला, तर मीटर शून्य दाखवतो आणि खरी रेघ शून्याच्या ३ डेसिबल वर जाते. प्रत्यक्ष संगीतात इतका नेमका योग क्वचितच जुळतो. पण ताशाच्या काडीसारखा तीक्ष्ण आवाज लिमिटरमधून दाबून काढलेला असला, की अर्धा-एक डेसिबल सहज सुटतो.

डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकमधले सोरेन नील्सन आणि थॉमस लुंड यांनी साधारण २००० सालापासून हा प्रश्न लावून धरला. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीत ‘ट्रू पीक’ मोजण्याची पद्धत आली. हा मीटर ठिपक्यांच्या मधली रेघ स्वतः काढून पाहतो. ४८ हजार सॅम्पलची फाइल तो चौपट, म्हणजे १ लाख ९२ हजार सॅम्पलवर नेतो आणि या नव्या, दाट ठिपक्यांतला सर्वांत उंच ठिपका वाचतो. वर काढलेल्या १२ हजार हर्ट्झच्या उदाहरणात तो शिखर अचूक पकडतो. तरी ठिपके दाट झाले म्हणून त्यांच्यामधल्या फटी संपत नाहीत. अगदी वरच्या कंपनसंख्येला चौपटीचा मीटरही सुमारे ०.७ डेसिबल कमी दाखवू शकतो. संगीतात तिथे ऊर्जा थोडी असल्यानं प्रत्यक्षातली चूक पुष्कळ लहान असते. पण ट्रू पीक मीटरवर उणे ०.१ दिसतंय म्हणून निर्धास्त होणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

इथवरची गोष्ट वेव्ह फाइलची झाली. फोनवरची तक्रार एमपी३बद्दल होती, आणि खरा घोळ तिथे आहे.

एमपी३ किंवा एएसी करताना एन्कोडर ठिपके जसेच्या तसे ठेवत नाही. तो आवाज कंपनसंख्येच्या पट्ट्यांत वाटतो, प्रत्येक पट्ट्यातली मापं ढोबळ करतो आणि कानाला कळणार नाही असं त्याला वाटतं ते टाकून देतो. वाजवताना डीकोडर त्या ढोबळ मापांवरून रेघ नव्यानं काढतो. ही रेघ मूळ रेघेच्या जवळून जाते, तिच्यावरून जात नाही. लिमिटरनं मोठ्या मेहनतीनं राखलेली उंचीची मर्यादा एन्कोडरला ठाऊकच नसते. कुठे रेघ थोडी खाली येते, कुठे थोडी वर जाते. मूळ रेघ आधीच छताला टेकलेली असेल, तर वर जाणारा प्रत्येक चढ छताबाहेरचा.

यात दुसरं कारणही मिसळतं, आणि ताशाच्या बाबतीत तेच जास्त नडतं. दर सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी३ करताना एन्कोडर साधारण १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचा भाग सरळ छाटून टाकतो. काही कमी केलं तर उंची कमी व्हावी, असं कुणालाही वाटेल. घडतं उलट. ६ हजार हर्ट्झची सपाट माथ्याची, चौकोनी लहर घ्या. तिचा माथा सपाट राहतो तो वरच्या हार्मोनिकांमुळे. १८ हजार हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक मूळ सुराच्या शिखराला खाली ओढून धरत असतो. एन्कोडरनं १८ हजार छाटलं, की उरतो नुसता ६ हजारांचा गोल सूर, आणि त्याची उंची चौकोनी लहरीपेक्षा २ डेसिबलहून थोडी अधिक भरते. जोरात क्लिप केलेला किंवा लिमिटरनं माथे सपाट केलेला ताशा या चौकोनी लहरीच्या दिशेनं गेलेला असतो. म्हणून ट्रॅक जितका जास्त दाबलेला, तितकी त्याची एमपी३ जास्त उसळते.

मात्र एमपी३ फाइलच्या आत आवाज फाटलेला नसतो. त्या फाइलमध्ये ठिपके नाहीत, पट्ट्यांची मापं आहेत, आणि त्या मापांतून शून्याच्या वरची उंचीही लिहिता येते. फाटतो तो डीकोड होताना. काढलेली रेघ १६ बिटांच्या पूर्णांकांत बसवायची वेळ येते आणि शून्याच्या वरचं सगळं सपाट कापलं जातं. तोवर हिशेब दशांशांत चाललेला असतो आणि वरचा भाग शाबूत असतो. त्यामुळे ज्या प्लेअरमध्ये दशांशांतच पातळी कमी करून मग पूर्णांक केले जातात, तिथे हीच एमपी३ स्वच्छ वाजते. एकाच फाइलबद्दल दोन ऐकणाऱ्यांची मतं वेगळी पडतात, ती यामुळे.

याच गुणाचा उपयोग करून तपास करता येतो. ‘एफएफएमपेग’ हा मोफत प्रोग्रॅम एमपी३ दशांशांत उघडतो, म्हणून शून्याच्या वर गेलेली शिखरं तो दाखवू शकतो. आधी एमपी३ करायची आणि मग तिचाच ट्रू पीक वाचायचा:

```
ffmpeg -i tasha.wav -c:a libmp3lame -b:a 128k tasha.mp3
ffmpeg -i tasha.mp3 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी येणाऱ्या सारांशात True peak खालचा आकडा पाहायचा. समजा, वेव्ह फाइलचं छत उणे ०.३ वर होतं आणि एमपी३चा आकडा अधिक १.२ आला. म्हणजे रेघ दीड डेसिबल उसळली आणि त्यातला शून्याच्या वरचा १.२ डेसिबलपर्यंतचा भाग कापला जाऊ शकतो. तरीही ऐकू येणारी चरचर त्या कापण्याचीच आहे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कमी बिटरेटचा एन्कोडर ताशाची काडी पडण्याच्या किंचित आधीच एक धुरकट सळसळ पेरतो आणि तीही तीक्ष्ण आवाजाला खराब करते. दोन्ही वेगळे काढण्यासाठी एमपी३ दोनदा डीकोड करायची, एकदा सरळ आणि एकदा ६ डेसिबल खाली आणून:

```
ffmpeg -i tasha.mp3 -c:a pcm_s16le saral.wav
ffmpeg -i tasha.mp3 -af volume=-6dB -c:a pcm_s24le khali.wav
```

दोन्ही फाइली एडिटरमध्ये एकाखाली एक ठेवायच्या, दुसरी ६ डेसिबल वर उचलायची आणि तिची फेज उलटी करायची. जे समान आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. एन्कोडरनं केलेली मोडतोड दोन्हीकडे सारखीच असल्यानं तीही जाते. मागे उरतो फक्त कापलेला भाग. काडीगणिक टिक टिक ऐकू आलं तर दोष छताचा. जवळजवळ शांतता असेल तर छत खाली आणून उपयोग नाही. बिटरेट वाढवायला हवा.

दोष छताचा निघाला, तर करायचं काय? लिमिटरचं छत दीड डेसिबल खाली घेतलं, की एमपी३ची शिखरंही साधारण तितकीच खाली येतात आणि वरच्या उदाहरणातला आकडा उणे ०.३ होतो. युरोपीय प्रसारण संघाच्या आर१२८ या शिफारशीतली उणे १ डेसिबलची ट्रू पीक मर्यादा याच जातीची आहे. स्पॉटिफायही उणे १ सुचवतं, पण मास्टर उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा असेल तर उणे २. यामागचं कारण वरच्या चौकोनी लहरीत दिसतंच: जास्त दाबलेला ट्रॅक जास्त उसळतो. उणे १ ही हमी नव्हे. १२८ किलोबिटच्या गच्च ट्रॅकला ते अपुरं पडतं, आणि ३२०च्या मोकळ्या ट्रॅकला पुरून उरतं.

दुसरा उपाय अधिक कष्टाचा आहे आणि ताशाला जास्त मानवतो. छत तिथेच ठेवून लिमिटरवरचा भार कमी करायचा. ढोलाचा घुमणारा ठोका आणि ताशाची काडी मिक्समध्ये एकाच क्षणी छताला धडकत असतील, तर ढोलाच्या ट्रॅकवर आधीच थोडं काम करायचं, म्हणजे शेवटच्या लिमिटरला ताशाचा माथा सपाट करावा लागत नाही. असा मास्टर मीटरवर एखाद-दोन डेसिबल हळू दिसतो. पातळी समान करून वाजवणाऱ्या सेवांवर तो फरक प्लेअर तसाही पुसून टाकतो आणि काडीची धार तेवढी टिकते.

पथकाकडे आधीच पोहोचलेल्या एमपी३चंही काही करता येतं. तिच्या प्रत्येक फ्रेममध्ये एकूण पातळीचे आकडे असतात, आणि एमपी३गेनसारखा प्रोग्रॅम ते दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो. फाइल पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणून गुणवत्ताही घटत नाही. वरच्या उदाहरणात एक पायरी पुरते. पुढे कुणी ती फाइल व्हिडिओखाली टाकली, तर मात्र ती पुन्हा डीकोड होते, नव्यानं एन्कोड होते आणि शिखरं परत हलतात. म्हणून व्हिडिओ करणाऱ्याला एमपी३ न देता २४ बिटांची वेव्ह फाइल द्यायची आणि त्याच्याकडून तयार झालेला व्हिडिओ मागवून त्याचा ट्रू पीक पुन्हा एकदा वाचायचा.