पाठानंतरची घटका

घाटनांदुरास एका शाळेत नव्या शिक्षकांचा अपूर्णांकांचा पाठ पाहण्याचा योग आम्हांस आला. पाठ साधला नाही, हे मुलांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होते. वर्ग रिकामा झाल्यावर आम्ही त्यांस शेजारी बसविले. मुलांदेखत उणे काढणे आम्हांस रुचत नाही.

"पाठ कसा वाटला तुम्हांस?" आम्ही प्रथम विचारले.

"बरा झाला. सर्वांनी 'समजले' म्हटले की!"

आम्ही टिपणवही पुढे केली. तीत मत एकही नव्हते, केवळ नोंदी होत्या. 'समजले का?' हा प्रश्न ९ वेळा. उत्तरे देणारी मुले ४, चौघेही पहिल्या बाकावरची. प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देईपर्यंत जेमतेम एक क्षण. ते वाचून शिक्षकच म्हणाले, "म्हणजे मागच्यांना काय आले, हे मला ठाऊकच नाही."

मग आम्ही दोनच गोष्टी सुचविल्या. 'समजले का?' ऐवजी "भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा?" असे विचारावे व प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहून दाखवावे. तिनाहून चार मोठे, म्हणून चौथा हिस्सा मोठा, असे मानणारी मुले तत्काळ ओळखू येतात. दुसरे, प्रश्नानंतर मनात तीनपर्यंत सावकाश मोजावे. अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषींनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले की, तीन सेकंद थांबल्यास उत्तरे विस्तृत होतात व अबोल मुलेही बोलू लागतात. फळ्यावरील अक्षराविषयीही सांगण्याजोगे पुष्कळ होते. ते मुद्दाम राखून ठेविले.

"गुरुवारी पुन्हा येऊ," आम्ही म्हणालो, "आणि मागच्या बाकांवरील पाट्या तेवढ्या पाहू."