रापणीचा वाटा

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे केरीचा किनारा आहे. या पट्ट्यातली आणि पलीकडच्या सिंधुदुर्गातली जुनी मासेमारी म्हणजे रापण. होडी अर्धगोल घेत जाळे सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. त्यामुळे मासळी वाळूवर आली की लगेच प्रश्न येतो: कोणाला किती?

अमर्त्य सेन यांनी २००९च्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये एका बासरीवर हक्क सांगणारी तीन मुले दाखवली आहेत. एकाला ती वाजवता येते, दुसऱ्याकडे खेळणेच नाही, तिसऱ्याने ती घडवली. रापणीत हे हक्कदार इतके सुटे सापडत नाहीत. एकच माणूस दोर ओढतो, जाळ्याचा तुकडाही घालतो आणि त्याच्या घरी चूल पेटायची असते.

हिशेबाचे नियम गावागणिक बदलतात, पण एक साधे उदाहरण घेऊ. समजा, तारल्यांचे १२,००० रुपये आले. निम्मे होडी-जाळ्याला, निम्मे ओढणाऱ्यांना. ओढणारे ३९, तांडेलाला पाण्याची पारख म्हणून एक वाटा जास्त. झाले ४० वाटे, प्रत्येकी १५० रुपये. उरलेले ६,००० जाळ्याच्या २० तुकड्यांवर, म्हणजे तुकड्याला ३००. शेजारी उभे राहून सारखाच घाम गाळलेल्या दोघांपैकी तुकडावाला ४५० घेऊन जातो, बिनतुकड्याचा १५०. दोर धरण्याचे बळ उरले नाही अशा म्हाताऱ्यालाही जाळ्यापोटी ३०० मिळतात.

आता सगळे जाळे आणि होडी एकाच मालकाची असेल तर? नियमातला एक शब्दही बदलत नाही, तरी ६,००० एका घरात जातात. समान वाटा म्हटले म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. भांडण बहुधा भागाकाराचे नसतेच. वाटे धरताना काय मोजले, त्याचे असते.

गरज तर वाट्यांत येतच नाही. जाळ्यात अडकलेली मासळी सोडवायला आलेल्या बाईला कालवणापुरते मासे दिले जातात, ते मोजणीच्या आधीच. ही रीत चांगली आहे, पण रीतच. कोणी हात आखडला तर तिला दाद मागायला जागा नाही.

पुढे ट्रॉलर आले आणि वाद वाळूवरून समुद्रात गेला. किनाऱ्याजवळची मासळी यंत्राने आधीच उपसली तर रापणीत वाटायला उरणार काय? १९७०च्या दशकात गोव्यातले रापणकार रस्त्यावर उतरले. मतान्ही साल्ढाणा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्यानंतर १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना बंद झाला. तो मोडल्याच्या तक्रारी रापणकार अजूनही करतात.