चार छिद्रं सारखी नसतात

भाच्याने जुन्या स्विफ्टसाठी सेकंडहँड अलॉय व्हीलचा जवळून काढलेला फोटो पाठवला. ‘मामू, दोन हजार टोकन देऊ का?’

आधी धातू पाहिला. चंदेरी रंग पोलादी रिमलाही देतात. पण ती पत्रा दाबून केलेली असते, कड पातळ दिसते. इथे स्पोक जाड होते, रिमशी एकसंध ओतलेले. म्हणजे अलॉय खरं होतं.

छिद्रं चार, स्विफ्टलाही चारच. तरी मी मागच्या बाजूचा फोटो मागवला. तिथे ‘१५ × ६’ कोरलं होतं, म्हणजे व्यास १५ इंच, रुंदी ६ इंच. शेजारी ‘४ × १०८’. इथेच गाडं अडलं. समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १०८ मिलिमीटर, आणि स्विफ्टला १०० लागतं. प्रत्येक स्टड चार मिलिमीटर हुकणार. नट जबरदस्तीने आवळला तर तिरका बसतो, चालत्या गाडीत सैल होतो.

एवढा फरक फोटोत नजरेला कळत नाही. आकडे कोरलेले नसतील तर समोरासमोरच्या छिद्रांवर पट्टी ठेवून फोटो मागवावा, तोही अगदी समोरून.

भाच्याचे दोन हजार वाचले.