वरच्या मजल्यावरच्यांना

६ जानेवारी
इस्तंबूल. सकाळपासून पाऊस. न्हाणीघराच्या छतावर बशीएवढा ओला डाग दिसला.

७ जानेवारी
वर्गात आज आठ स्वरांचा तक्ता. जीभ मागे ठेवून बोलायचे चार: आ, ओ, उ आणि एक आखूड, आपल्या अ-जवळचा. जीभ पुढे आणून बोलायचे चार: ए, इ आणि ओ-उ यांचे दोन पातळ भाऊ. पातळ उ असा: ओठ उ म्हणायला काढायचे आणि आतून इ म्हणायचं. होजाम (म्हणजे बाई, इथे बाईंनाही तेच, गुरुजींनाही तेच) दहा वेळा म्हणून दाखवतात. माझा प्रत्येक वेळी साधा उ निघतो.
देवनागरीत या दोघांना जागा नाही. वहीत यु आणि यो लिहीन. चुकीचंच, पण माझ्यापुरतं. जुन्या अरबी लिपीतही या आठांना पुरेशी अक्षरं नव्हती. रोमन अक्षरं १९२८ मध्ये आली.

८ जानेवारी
फेरीबोटीच्या धक्क्यावर. कादक्योयला जायचं तर कादक्योये. युस्क्युदारला जायचं तर युस्क्युदारा. आपल्याकडे ठाण्याला, पुण्याला, कुठेही ला. इथे ला दोन, ए आणि आ.
युस्क्युदार सुरू होतं पातळ उ ने, मग आ का? होजामना विचारलं. म्हणाल्या, शेवटचा स्वर बघ. दार मधला आ. आधीचे कोण होते ते विसर.

९ जानेवारी
डाग ताटाएवढा. बादली ठेवली. टप, टप.

१० जानेवारी
आईचा फोन. छताचं सांगितलं.
"मग सांगितलंस का त्या वरच्या मजल्यावरच्यांना?"
फोन ठेवला आणि तिचा शब्द कागदावर फोडून बसले.
मजला. मजल्या. मजल्यावर. मजल्यावरचा. मजल्यावरच्यांना.
आता तुर्की. कात म्हणजे मजला. कात्ता, मजल्यावर. कात्ताकि, मजल्यावरचा. कात्ताकिलेर, मजल्यावरचे. कात्ताकिलेरे, मजल्यावरच्यांना. मणी ओवल्यासारखे, त्याच क्रमाने. हा कि म्हणजे आपला चा. जागेलाही लागतो, वेळेलाही: मजल्यावरचा, उद्याचा. घरातला म्हणताना आपण ला लावतो, तिथेही त्यांचा कि.
रात्री उशिरापर्यंत बसले. बादली दोनदा ओतली.

११ जानेवारी
फरकही दिसायला लागला. आपल्याकडे प्रत्यय आला की शब्द वाकतो. मजला चा मजल्या, मूल चं मुला, ऊस चा उसा. चा सुद्धा ना समोर च्यां होतो, आणि अनेकवचन कुठे गेलं तर त्या अनुस्वारात.
तुर्कीत कात जागचा हलत नाही. पाच प्रत्यय लावा, कात तो कातच. बदलतात प्रत्यय. मागच्याचा स्वर बघून आपला स्वर निवडतात. (शब्द अगदीच हलत नाहीत असं नाही. किताप ला स्वर चिकटला की प चा ब होतो. पण ते बहुतेक शेवटच्या व्यंजनापुरतं.)
लेर पण तिथे वेगळा, मोजता येतो. अनुस्वारात लपत नाही.

१२ जानेवारी
वरती दोनदा बेल वाजवली. कोणी नाही. कामाला जात असतील. चिठ्ठी लिहायची ठरवलं.
मजकूर: छतातून पाणी गळतंय. छत तावान, छतातून तावानदान. आधी तावानदेन लिहिलं, खोडलं. वान मधला आ बघायचा. एव म्हणजे घर, तिथे मात्र एवदेन.
कात्ता मधला ता खरं तर दा. कात च्या त ला चिकटला म्हणून कडक झाला. एवदे, घरात, इथे मऊ.
वर मायना: युस्त कात्ताकिलारा. परवा लेरे लिहिलं होतं, पण कात मध्ये आ, म्हणून शेवटपर्यंत आ. मनात म्हटलं, जमलं.

१३ जानेवारी
चिकटपट्टी आणायला कोपऱ्यावरच्या बक्कालकडे, म्हणजे वाण्याकडे. त्यांनी चिठ्ठी उलटी होती ती सुलटी करून वाचली. हसले नाहीत. कानावरचं पेन काढलं आणि लारा खोडून लेरे केलं. पैसे फक्त पट्टीचे घेतले.

१४ जानेवारी
होजामना चिठ्ठीची गोष्ट सांगितली. त्यांनी फळ्यावर कात्ताकि लिहिलं आणि कि भोवती गोल काढला. हा हट्टी, म्हणाल्या. दा-दे बदलतो, लार-लेर बदलतो, हा बदलत नाही. आ नंतर आला तरी कि च राहतो. पण त्याच्या मागे जो येईल त्याला शेवटचा स्वर दिसतो तो कि मधला इ. म्हणून लेर. मग लेर मधला ए, म्हणून पुढे ए.
म्हणजे साखळी मध्येच रंग बदलते. धक्क्यावरचा नियम मी कात ला विचारला, कि ला विचारायला हवा होता.
हट्टी कधी नमतो का? दोन रोजचेच शब्द सांगितले. कालचा, द्युनक्यु. आजचा, बुग्युनक्यु. उद्याचा मात्र पुन्हा कि.

१५ जानेवारी
चिठ्ठी दारावर तशीच.
शाळेतल्यांवर सराव केला. ओकुल, शाळा. ओकुलुमुझ, आमची शाळा. ओकुलुमुझदा, आमच्या शाळेत. ओकुलुमुझदाकिलेरे, आमच्या शाळेतल्यांना. ओ उ उ उ आ इ ए ए. तोंड कुठे वळतं ते आता ऐकू येतं.
आपण आमच्या वेगळा लिहितो, तोही शाळेसाठी वाकवून. त्यांचा आमचा पोटात शिरतो, शाळेच्या आणि त-च्या मध्ये. या आमच्याची तोंडं चार, दोन नाहीत. घराला एविमिझ, शाळेला ओकुलुमुझ, डोळ्याला ग्योझ्युम्युझ, मुलीला कझमझ. ओठ गोल की पसरट, तेही बघायचं. हे अजून जिभेवर बसत नाही.

१६ जानेवारी
एविन्दे. तुझ्या घरात? त्याच्या घरात? दोन्ही. एव-इन-दे किंवा एव-इ-न-दे. मोडायची जागा वेगळी, ऐकायला एकच. होजाम म्हणाल्या, पुढचं मागचं बघून कळतं. आपल्याकडे तुझ्या आणि त्याच्या बाहेर उभे, गोंधळ नाही.

१७ जानेवारी
चिठ्ठी नाहीशी. वाऱ्याने की हाताने, माहीत नाही. रात्री टपटप थोडी कमी वाटली. वाटली असेल.

१८ जानेवारी
सकाळी वर ठोकठोक. उस्ता आलेत, म्हणजे आपले उस्ताद, नळदुरुस्तीवाले. दुपारी बादली कोरडी.
सआत ला लेर का लागतो? दोन्ही आ, तरी सआतलेर. अरबीतून आलेला, त्याचा त पातळ, म्हणून. असे आणखी आहेत: हार्फ, हार्फलेर. पाठच करायचे.

२० जानेवारी
दारात खाली ठेवलेली बशी, वर कुराबिये, आपल्या नानकटाईसारखी. खाली घडी केलेला कागद. आल्त कात्ताकिलेरे. खालच्या मजल्यावरच्यांना. आत दोनच ओळी, माफी आणि नळाचं.
लेरे वर बोट ठेवून दोनदा वाचलं.
बशी रिकामी कशी परत द्यायची. डब्यात चकल्या आहेत, आईने पाठवलेल्या. थोड्या तुटल्यात.