हिमाचं कपाट

१
फ्रिजला मँडरिनमध्ये म्हणतात 'बिंग-श्यांग', म्हणजे बर्फाची पेटी. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये तोच 'स्यूत-ग्वाय', म्हणजे हिमाचं कपाट. हाँगकाँगात हिम पडत नाही.

२
मँडरिनमध्ये बस म्हणजे 'सार्वजनिक मोटार', टॅक्सी म्हणजे 'भाड्याची गाडी'. हाँगकाँगात 'बासी' आणि 'दिकसी'. स्ट्रॉबेरी तिथे 'सीदोबेलेई', एका इंग्रजी शब्दासाठी चार चिनी अक्षरं.

३
कलेजीला मँडरिनमध्ये 'गान'. कँटोनीजमध्ये या अक्षराचा उच्चार 'गोन' आणि 'कोरडं' या शब्दाचाही तोच. कोरडं म्हणजे खिसा रिकामा. म्हणून खाटकाकडे मागायची ती 'योन', ओलावा असलेली. रिकामं घर 'हुंग' म्हणायचं नाही, कारण अशुभालाही 'हुंग'च म्हणतात. भाड्याच्या पाटीवर 'शुभ घर' लिहितात. आपल्याकडे बांगडी वाढते, तसंच.

४
लिपी पाहून भाषा ठरवू नये. ग्वांगझोउमध्ये घरात कँटोनीज बोलतात, पण छापील मजकूर सोप्या केलेल्या लिपीत आणि मँडरिनच्या वळणाचा असतो. तैवानची लिपी हाँगकाँगसारखी पारंपरिक, बोली मात्र कँटोनीज नाही.

५
हाँगकाँगच्या चित्रपटात नट 'खा'साठी 'सिक' म्हणतो. खाली उपशीर्षकात बहुधा मँडरिनचं 'छ्र' हे अक्षर असतं. प्रेक्षकाला यात काही खटकत नाही. शाळेत तो असंच वाचायला शिकलेला असतो: लेखन प्रमाण चिनीचं, उच्चार कँटोनीज.

६
भाषांतरासाठी एक वाक्य घेऊ: 'बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका.'
बीजिंगसाठी बटाटा 'थूदोउ', फ्रिज 'बिंग-श्यांग'.
हाँगकाँगच्या माहितीपत्रकात बटाटा 'स्यू-जाय', फ्रिज 'स्यूत-ग्वाय'. 'नका' मात्र प्रमाण चिनीचंच ठेवावं, 'बू याओ'. बोलीतलं 'म होउ' तिथे सैल वाटेल. दुकानातल्या जाहिरातीत तेच 'म होउ' शोभतं. नामं गावची आणि क्रियापदं पुस्तकातली, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

७
बीजिंगचा मजकूर संगणकावर नुसता पारंपरिक लिपीत बदलून हाँगकाँगला पाठवला, तर अक्षरं बदलतात, 'थूदोउ' तसाच राहतो. वाचकाला अर्थ कळतो आणि मजकूर आपल्यासाठी लिहिलेला नाही, हेही कळतं.

८
तोच मजकूर तैवानला गेला तर? तिथे 'थूदोउ' म्हणजे शेंगदाणा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या हातात हा शब्द असलेली पाककृती पडू शकते. तैवानसाठी बटाटा 'मालिंगशू' लिहावा. हा शब्द बीजिंगलाही समजतो.

९
भाषांतराचं काम घेताना 'चिनीत हवं' एवढ्यावर थांबू नये. गाव विचारावं. मग विचारावं, मजकूर भिंतीवर लागणार की डब्यावर.